‘नेहमीसारखी, छान’
हिवाळ्याच्या सुरुवातीच्या एका मंगळवारी, सकाळची कामे नुकतीच मार्गी लागली असताना, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दातांच्या कॅप तयार करणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये, या हकिगतीला आरंभ झाला.

लॅब दोन खोल्यांची होती. आतल्या खोलीत भट्टी, घासकामाची यंत्रे आणि उत्तरेकडची एक मोठी खिडकी होती. त्या खिडकीशी बसून भावजी पोर्सिलेनचे थर चढवीत. बाहेरच्या खोलीत एक लांब टेबल होते आणि त्या टेबलावर वहिनींचे राज्य होते. डॉक्टरांकडून आलेले खोके उघडणे, दातांची मापे तपासणे, त्यांत प्लास्टर ओतून साचे काढणे आणि सोबतची चिठ्ठी वाचून काय बनवायचे ते निश्चित करणे, ही सर्व कामे त्यांची. त्यांचे यजमान मापे आणण्यापोचवण्यासाठी दिवसभर फिरतीवर असत. भावजी म्हणजे यजमानांचे धाकटे भाऊ. नात्याने दीर आणि हुद्द्याने कारागीर असल्यामुळे वहिनींची थट्टा करण्याचा दुहेरी परवाना आपल्याकडे आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्या दिवशीच्या खोक्यात वरच्या जबड्याचे माप होते. समोरच्या दोन दातांपैकी उजवा दात तुटलेला होता आणि कॅप बसवण्यासाठी घासून लहान केलेला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीत कॅपची शेड, म्हणजे रंगाचा क्रमांक, स्पष्ट दिला होता. त्याखाली एवढेच होते: ‘रुग्ण वादक आहे. क्लॅरिनेट. शनिवारी वाद्यवृंदात निवडीची परीक्षा. त्याआधी कॅप बसलीच पाहिजे.’

वहिनींनी साचा हातात घेऊन खिडकीकडे धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डावा, शाबूत असलेला दात खालच्या कडेला झिजलेला होता, आणि तोही सरळ नव्हे, तिरका. आता उजव्या कॅपची लांबी कुठवर आणायची? शेजारच्या झिजलेल्या दाताइतकी, की दाताची जी मूळची, न झिजलेली लांबी असावी तितकी? साधारण रुग्णाच्या बाबतीत हा प्रश्न केवळ दिसण्याचा असतो. परंतु क्लॅरिनेट वाजवणारा मनुष्य वाद्याच्या मुखनळीवर वरचे पुढचे दात टेकवतो आणि त्या आधारावर सगळे वाद्य तोंडात स्थिर ठेवतो. एक दात केसभर लांब झाला की भार त्या एकावरच येतो, मुखनळी डुगडुगते, ओठांची पकड बिघडते आणि सुराचाही भरवसा राहत नाही. कॅप चुकीच्या लांबीची झाली तर त्या माणसाची शनिवारची परीक्षा गेल्यात जमा होती. हे वहिनींना माहीत होते, कारण एका बासरीवाल्याच्या आणि एका सनईवाल्याच्या कॅपच्या निमित्ताने त्यांनी या विषयात पूर्वी बरीच चौकशी केली होती.

त्यांनी डॉक्टरांना निरोप लिहिला: ‘कडेची लांबी शेजारच्या दाताप्रमाणे ठेवू की मूळ आकाराप्रमाणे? मागच्या बाजूची जाडी किती? दोन दातांतला संपर्क घट्ट की सैल?’

उत्तर जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास आले. ते असे होते: ‘नेहमीसारखी. छान दिसू दे.’

भावजी हात पुसत बाहेर आले होते. त्यांनी वहिनींच्या खांद्यावरून ते वाचले.

“वा,” ते म्हणाले. “विचारलं काय, आणि आलं काय. डॉक्टरांना सांगा, आम्ही कॅपा करतो, शुभेच्छापत्रं नाही.”

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी लगेच दुसरा निरोप लिहायला घेतला. त्याचा आरंभ ‘माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले नाही’ असा होता आणि पुढे ‘कृपया नीट वाचून’ हे शब्द होते.

या लॅबमध्ये एक रिवाज होता. डॉक्टरांना जाणारा प्रत्येक निरोप पाठवण्याआधी भावजींना वाचून दाखवायचा, आणि भावजींनी तो डॉक्टर होऊन ऐकायचा. रिवाज वहिनींचाच होता. भावजींनी त्याला नाटकाची जोड दिली होती. ते खुर्चीवर बसले, डाव्या हाताने एका अदृश्य रुग्णाचा गाल बाजूला ओढला, उजव्या हातात घासकामाचे बंद यंत्र धरले आणि म्हणाले, “हं, बोला. रुग्ण आ करून बसलाय, लाळ गळतेय, बाहेर सहाजण ताटकळलेत. बोला लवकर.”

वहिनींनी निरोप वाचला.

“‘नीट वाचून’ म्हणे,” भावजी डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले. “मला वाचायला शिकवणारी ही कोण? देईन उत्तर सवडीनं. नाहीतर नाहीच देणार.” मग स्वतःच्या आवाजात: “वहिनी, खरं सांगू? सोडा हा नाद. मी मूळ लांबीची, सुरेख, सरळ कडेची कॅप करतो. ‘छान दिसू दे’ हे त्यांनीच लिहून दिलंय. उद्या काही बोलले तर हे त्यांच्यापुढे ठेवू. आपण सुटलो.”

“आपण सुटू हो,” वहिनी म्हणाल्या. “त्या माणसाचं काय?”

येथे थोडे थांबून एका सार्वत्रिक गैरसमजाचा परामर्श घेणे आवश्यक आहे. विचारलेल्या प्रश्नाला मोघम उत्तर आले की विचारणारा सामान्यतः दोनच निष्कर्ष काढतो: उत्तर देणारा आळशी आहे, किंवा त्याला आपली किंमत नाही. हे निष्कर्ष सोयीचे असतात, कारण ते काढले की स्वतःच्या प्रश्नाकडे पुन्हा पाहावे लागत नाही. तिसरी एक शक्यता असते, आणि माझ्या मते ती पहिल्या दोन्हींपेक्षा अधिक वेळा खरी निघते. ती अशी की विचारलेली गोष्ट उत्तर देणाऱ्यालाच ठाऊक नसते, आणि ठाऊक नाही हे त्याच्याही ध्यानात आलेले नसते. अशा माणसावर चिडून काय उपयोग? चिडल्याने त्याचे अज्ञान कमी होत नाही. तो फक्त अधिक सावध होतो आणि पुढचे उत्तर अधिकच मोघम देतो.

वहिनींनी एवढा विचार शब्दांत केला असेल असे नाही. त्यांनी लिहिलेला निरोप पुसून टाकला, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत आपलाच सकाळचा प्रश्न पुन्हा वाचला. त्यातले दोष त्यांना एकेक करून दिसू लागले. एका दमात तीन गोष्टी विचारल्या होत्या. त्यांपैकी जाडी आणि संपर्क साच्यावरून लॅबनेच ठरवायचे असतात; ते विचारण्याचे कारणच नव्हते. त्या गर्दीत लांबीचा खरा प्रश्न बुडाला होता. शिवाय तो का विचारला, याचा एका शब्दानेही उलगडा केलेला नव्हता. डॉक्टरांच्या जागी आपण असतो तर आपणही ‘नेहमीसारखी’ असेच लिहिले असते, अशी त्यांची खात्री पटली.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “मेणाच्या दोन कॅपा करून द्याल? एक शेजारच्या दाताइतकी, झिजलेली. दुसरी मूळ लांबीची. चेहरामोहरा नको, नुसती कड दिसली पाहिजे.”

“दोन? एका दातासाठी?”

“एकीवर दहा मिनिटं जातात तुमची. आणि ती दहा मिनिटं तुम्ही माझी टर उडवण्यात घालवणारच आहात. हातानं मेण करा, तोंडानं टर उडवा.”

भावजींना हा युक्तिवाद बिनतोड वाटला असावा. ते आत गेले आणि दोन्ही नमुने घेऊन आले. वहिनींनी प्रत्येक नमुना साच्यावर बसवून समोरून फोटो काढला आणि फोटोंवर ठळक एक आणि दोन असे आकडे घातले. मग निरोप लिहिला आणि भावजींना वाचून दाखवला.

‘डॉक्टर, उत्तराबद्दल आभार. त्यावरून शेड तुम्ही दिलेलीच ठेवते आणि घडण शेजारच्या दातासारखी. बाकीचं साच्यावरून आम्ही पाहून घेतो. एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लांबी. क्लॅरिनेटची मुखनळी याच दोन दातांवर टेकते, म्हणून विचारते. सोबतच्या फोटोंपैकी एक की दोन? फक्त आकडा कळवलात तरी चालेल. संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही, तर दोन नंबरची, लांब, करायला घेते. कारण जास्तीची कड तुम्हाला तिथं घासून कमी करता येईल, पण कमी पडलेली वाढवता येणार नाही.’

भावजींनी अदृश्य रुग्णाचा गाल सोडून दिला.

“हे ठीक आहे,” ते जरा निराश होऊन म्हणाले. “यात चिडायला काही जागाच ठेवली नाहीत तुम्ही.”

निरोप गेला. वहिनी दुसऱ्या खोक्याकडे वळल्या. उत्तराची वाट पाहत त्यांचे काम खोळंबले नव्हते, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. कॅपच्या आतला पांढरा गाभा कडेच्या लांबीवर फारसा अवलंबून नसतो. तो त्यांनी भावजींना त्याच दुपारी करायला लावला. अनिश्चित होते तेवढेच त्यांनी थांबवून ठेवले.

चारच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला. आकडा नाही, फोन. डॉक्टर मध्यमवयीन, मृदुभाषी गृहस्थ होते आणि त्यांच्या आवाजात नेहमीची घाई नव्हती.

त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. दोन्ही फोटो पाहून आपण आकडा लिहायला घेतला आणि हात थांबला. एक लिहावे की दोन, हे आपल्याला माहीतच नाही असे तेव्हा लक्षात आले. रुग्णाला आपण विचारले होते की दात कसा हवा, आणि तो म्हणाला होता, पहिल्यासारखा. पहिला कसा होता, हे त्यालाही धड सांगता येत नव्हते. जुन्या फोटोंत तो तोंड मिटून हसलेला. तुटलेला तुकडा रस्त्यात पडला तो पडलाच.

“म्हणजे तो मला ‘पहिल्यासारखा’ म्हणाला, आणि मी तुम्हाला ‘नेहमीसारखी’ म्हणालो,” डॉक्टर म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही बघून घ्याल. रागावला असाल.”

“दुपारी थोडी रागावले होते,” वहिनी म्हणाल्या. “मग माझाच प्रश्न परत वाचला. तो काही फार बरा नव्हता, डॉक्टर.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आतल्या खोलीत भावजींनी यंत्र बंद केले होते आणि ते उघड उघड कान देऊन ऐकत होते.

वहिनींनी पुढे डॉक्टरांना लांबी विचारली नाही. जे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते ते पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी निराळीच गोष्ट विचारली: सध्या तोंडात असलेली तात्पुरती कॅप लावून तो माणूस वाद्य वाजवतो का? वाजवताना कसे वाटते?

डॉक्टर म्हणाले, “वाजवत नाही. मीच बंदी केली आहे. सुटून घशात जाईल म्हणून.”

येथे सगळे कोडे उलगडले. ज्याला उत्तर ठाऊक होते त्याचे नाव तोंड. त्या तोंडाला उत्तर देण्याची मनाई होती, आणि उरलेली तिन्ही माणसे आपापल्या परीने अंदाज करीत बसली होती. रुग्णाला मिलिमीटर कळत नव्हते. पण मुखनळी दातांवर टेकली की डुगडुगते की नाही, हे त्याला जगातल्या कोणत्याही तज्ज्ञापेक्षा अधिक कळत होते. प्रश्न त्याच्या भाषेत विचारला गेला नव्हता, एवढेच.

“उद्या त्यांना वाद्य घेऊन बोलावता येईल का?” वहिनींनी विचारले. “तात्पुरती कॅप थोडी लांब करायची, तुमच्यासमोरच वाजवायला लावायचं. सुटली तर तुम्ही तिथंच आहात. मग कड जरा जरा घासत जायची आणि प्रत्येक वेळी वाजवायला सांगायचं. ते ‘आता’ म्हणाले की थांबायचं. ती कॅप तोंडात असतानाच वरच्या दातांचं माप घ्यायचं आणि मला पाठवायचं. मग आम्ही त्या मापाबाहेर एक रेघही जाणार नाही.”

“दवाखान्यात क्लॅरिनेट?” डॉक्टर म्हणाले.

“बाहेर बसलेल्यांचा ठणका तेवढाच कमी होईल.”

डॉक्टर पुन्हा हसले, आणि उद्या दुपारची वेळ ठरवतो म्हणाले. फोन ठेवण्याआधी वहिनींनी ठरलेल्या गोष्टी एकदा मोजक्या शब्दांत परत सांगितल्या आणि नंतर लिहूनही पाठवल्या. भावजींच्या मते हा अतिरेक होता. तोंडी बोलणे दोघेजण दोन प्रकारे लक्षात ठेवतात, एवढेच वहिनी म्हणाल्या आणि पुढच्या साच्याला लागल्या.

बुधवारी दुपारी दवाखान्यात काय घडले ते वहिनींना यजमानांकडून कळले. ते माप आणायला गेले होते आणि कामाचा खोळंबा होत असल्याची तक्रार न करता तासभर तिथेच बसून राहिले होते. वादक हा चाळिशीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, अतिशय अबोल माणूस. पहिल्यांदा वाजवायला सांगितल्यावर त्याने संकोचाने दार लोटून घेतले. पण दवाखान्याच्या दारांनी असा काही आवाज अडत नाही. पहिला सूर फाटला. डॉक्टरांनी कड घासली. दुसऱ्या वेळी तो थोडा वेळ टिकला आणि मग घसरला. वादक म्हणाला, डावीकडे कलतंय. डॉक्टरांनी सगळी कड न घासता एकच कोपरा घासला. असे पाचसहा वेळा झाले. शेवटी त्याने एक लांब, खालच्या पट्टीतला सूर धरला, तो धरूनच ठेवला, आणि वाद्य तोंडातून न काढताच मान हलवली.

“बाहेर एक बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या,” यजमान म्हणाले. “त्या म्हणाल्या, थांबला का हो? वाजू दे की.”

माप पाहून भावजींचा चेहरा उतरला. लांबी फोटो नंबर एकची नव्हती आणि दोनचीही नव्हती. कड बाहेरच्या कोपऱ्याशी लांब होती आणि शेजारच्या दाताकडे तिरकी चढत गेली होती. शेजारच्या दाताचा तिरकेपणा निराळा. दोन्ही मिळून मुखनळीसाठी एक उथळ बैठक तयार होत होती. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या माणसाने आपल्याच दातांत ती घडवलेली असणार.

“ही मी करू?” ते म्हणाले. “बघणारा म्हणेल, कारागिराचा हात कापतो.”

“बघणारा कोण?”

“कुणीही. तो हसला की दिसेल.”

“तो तोंड मिटून हसतो, डॉक्टर म्हणाले ना.”

“वहिनी, उद्या दुसरा कुणी लॅबवाला तो दात बघेल आणि माझं नाव घेईल.”

“घेऊ दे. त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला मोघम उत्तर देईन.”

भावजी कुरकुरत आत गेले. परंतु कारागिराचा स्वभाव असा असतो की एकदा वाकडे करायचेच ठरले की ते वाकडेही तो जिवापाड नेटके करतो. गुरुवारी त्यांनी थर चढवले, भट्टीत घातले, काढले, मापाशी ताडून पाहिले; एका कोपऱ्यावर समाधान होईना म्हणून पुन्हा थर दिला आणि पुन्हा भाजले. मधून एकदा त्यांनी वहिनींना हाक मारून विचारले की कड चकचकीत ठेवायची की शेजारच्या दातासारखी किंचित मंद, आणि वहिनींनी तोंड उघडण्याआधीच स्वतःच म्हणाले, “शेजारच्यासारखी. समोर दिसतंय, उगाच विचारलं.” शुक्रवारी सकाळी यजमान कॅप घेऊन गेले. दुपारी डॉक्टरांचा निरोप आला: ‘बसवली. ठीक.’

भावजींनी तो निरोप तीनदा वाचला.

“ठीक म्हणजे काय?” ते म्हणाले. “दिसायला ठीक, बसायला ठीक, की वाजवायला ठीक? विचारा ना.”

वहिनींनी फोन हातात घेतला, थोडा विचार केला आणि खाली ठेवला. “आत्ता विचारलं तर डॉक्टर काय सांगणार? उद्या संध्याकाळपर्यंत त्यांनाही कळणार नाही. सोमवारी विचारू.”

“आणि तोवर?”

“तोवर खालच्या दाढेची ती कॅप पडलीय, तिचं बघा.”

भावजींनी दाढेची कॅप हातात घेतली खरी, पण शनिवारी दिवसभर त्यांचे मन तिच्यावर नव्हते, असे वहिनी सांगतात. स्वतः वहिनींनीही शनिवारी दुपारी प्लास्टर कालवताना पाणी जास्त घातले आणि ते टाकून पुन्हा कालवले.

सोमवारी सकाळी वहिनींनी निरोप लिहिला. भावजींनी तो वाचून दाखवण्याचा आग्रह धरला नाही. त्यात एकच प्रश्न होता: ‘परीक्षेत वाजवताना कॅपचा काही त्रास झाला का?’

डॉक्टरांनी फोन केला. वादकाची निवड झाली होती. तो सकाळीच दवाखान्यात येऊन सांगून गेला होता. वहिनींनी फोनचा आवाज मोठा केला, कारण भावजी दारात येऊन उभे राहिले होते.

“आणि दाताबद्दल काय म्हणाला?” भावजींनी लांबूनच विचारले.

“मीही तेच विचारलं,” डॉक्टर म्हणाले. “तर म्हणाला, वाजवताना त्याची आठवणच झाली नाही. म्हणजे दात बरोबर आहे.”